राणीच्या बागेतला दगडी हत्ती, दोन मिनिटांत: शाळेच्या मुलांसाठी ऑडिओ आणि व्हिडिओ गाईडची स्क्रिप्ट कशी लिहावी

भायखळ्याला राणीच्या बागेत येणारी शाळेची सहल पेंग्विन बघायला आलेली असते. वाटेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लागतं आणि त्याच्या बाहेर, उघड्यावर, एक दगडी हत्ती उभा असतो. मुलं त्याच्याकडे बघतात, कुणीतरी ‘ए, हत्ती!’ म्हणतं आणि रांग पुढे सरकते. या हत्तीसमोर दोन मिनिटं ऐकायचा ऑडिओ आणि वर्गात दाखवायचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा झाला तर काय काय करावं लागतं, ते इथे लिहिते आहे. संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नुकतंच यायला लागलेल्यांना, शिक्षकांना किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी असं काम अंगावर आलेल्यांना ते उपयोगी पडावं. उदाहरण एकच घेतलंय, कारण एक वस्तू शेवटपर्यंत नेली की पुढची जमते.

आधी वस्तूसमोर, मग पुस्तकात

पहिल्या भेटीला काहीही वाचून जाऊ नका. वही घ्या आणि हत्तीपासून चार पावलांवर थोडं वाकून किंवा उकिडवं बसून बघा. पाचवीच्या मुलाचे डोळे साधारण सव्वा मीटरच्या आसपास असतात आणि त्या उंचीवरून हत्ती वेगळा दिसतो. पोटाखालचा भाग दिसतो, पाय जास्त जाड वाटतात आणि पाठीवर काय आहे ते दिसतच नाही. मोठ्या माणसाने उभ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘पाठीवर बघा’ असं वाक्य हमखास येतं आणि खालची मुलं टाचा उंच करत राहतात.

जे दिसतं ते दिसेल त्या क्रमाने लिहा. काळपट दगड, ठिकठिकाणी रेषा, कुठे खडबडीत, कुठे गुळगुळीत. मग बाजूला उभं राहून एखादा शाळेचा गट जवळून जाऊ द्या आणि मुलांचं बोलणं जसंच्या तसं टिपून घ्या. ‘खरा दगड आहे की सिमेंट?’ ‘वर बसता येतं का?’ ‘तुटलाय वाटतं.’ स्क्रिप्टची सुरुवात या प्रश्नांत असते. ‘हे शिल्प कोणत्या शैलीतलं आहे?’ असं दहा वर्षांचं मूल विचारत नाही, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वाक्यात देण्याची घाई नको.

शिल्पाभोवती सकाळी, भर दुपारी आणि उन्हं कलल्यावर अशा तिन्ही वेळी फिरून या. दगडावरच्या जोडाच्या रेषा तिरक्या उन्हात उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होऊन जातात. तुमची सगळी स्क्रिप्ट या रेषांवर उभी राहणार असेल, तर सहली कुठल्या वेळेला येतात हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

माहिती भरपूर, प्रश्न एक

आता वाचायला बसा. हत्तीबद्दल जे हाती लागतं ते थोडक्यात असं. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. तिथे बोटी लागायच्या त्या किनाऱ्याजवळ तो उभा होता, एकाच काळ्या दगडातून कोरलेला. पोर्तुगीजांनी त्याला पाहिलं आणि बेटालाच हत्तीवरून नाव दिलं, तेच पुढे एलिफंटा म्हणून रूढ झालं. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये तो बेटावरून हलवला गेला. त्या खटाटोपात त्याचे तुकडे झाले आणि ते मुंबईत आणून राणीच्या बागेत ठेवले गेले. इंग्रजांना तो इंग्लंडला न्यायचा होता आणि उचलताना क्रेनने दगा दिला, ही हकीगत सगळीकडे सांगितली जाते. १९१४ मध्ये तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

एवढ्यात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, नावाची: बेटाला नाव या हत्तीने दिलं. दुसरी, दगडाची: हा दख्खनचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिसरी, मोडण्या-जोडण्याची. तिन्ही घेतल्या तर दोन मिनिटांत एकही धड होत नाही, म्हणून एक निवडायची. निवडताना मी एकच कसोटी लावते: या गोष्टीचा पुरावा मुलाला इथे उभ्याउभ्या, स्वतःच्या डोळ्यांनी सापडतो का?

नावाची गोष्ट गंमतशीर आहे, पण हत्तीकडे बघून ती कळत नाही, ती ऐकूनच घ्यावी लागते. लाव्हाची गोष्ट तर घारापुरीच्या भिंतीला, कान्हेरीला, अगदी घाटातल्या दरडीलाही लागू पडते. मोडण्या-जोडण्याची गोष्ट मात्र हत्तीच्या अंगावरच लिहिलेली आहे, रेषारेषांत. ती घ्यायची. नावाला एक वाक्य मिळेल. लाव्हाला काहीच नाही, आणि ते सोडताना हळहळायचं नाही. शिक्षकांना देण्याच्या कागदावर त्याची सोय होते.

क्रेनच्या हकीगतीचं काय करायचं, हा प्रश्न नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मुलांना खलनायक आवडतो आणि साखळी तुटण्याचा प्रसंग रंगवायचा मोह होतो. मी त्याला ‘असं सांगतात’ एवढी शेपटी लावून एका वाक्यात बसवते. तुटला आणि जोडला, हे वर्षांसकट पक्कं आहे आणि स्क्रिप्टचा भार त्यावरच राहू द्यावा.

शब्दांचा हिशेब

मुलांसाठी मराठी निवेदन मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्दांच्या गतीने चाललं की कानाला बरं वाटतं. बातम्यांची गती याहून बरीच जास्त असते, ती इथे चालत नाही. मुलं उन्हात उभी, मागे कावळे, पलीकडे दुसऱ्या शाळेची शिट्टी. दोन मिनिटं म्हणजे वरवर पाहता दोनशे शब्द. पण त्यात ‘आता बघा’ म्हणून थांबायच्या जागा धराव्या लागतात. त्या तीन-चार मिळून पंचवीस सेकंद खातात. म्हणजे उरले एकशेसाठ ते एकशेऐंशी. दोन मिनिटांच्या वर पाच-दहा सेकंद गेले तर बिघडत नाही. तीन मिनिटं झाली की मागच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या टोप्या ओढायला लागतात.

थांबायच्या जागा कापून त्यात माहिती भरणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. ऐकताना मूल आवाजाच्या मागे धावत असतं आणि वस्तूकडे बघायला त्याला मोकळीक लागते. ती मोकळीक मिळाली नाही तर हाच ऑडिओ घरी बसून ऐकला तरी काही फरक पडत नाही.

पहिला खर्डा आणि त्याचं काय होतं

माहितीच्या कागदावरून थेट लिहायला घेतलं की साधारण असं काहीतरी उतरतं:

‘सदर शिल्प हे एकसंध बेसॉल्ट पाषाणातून कोरलेले असून मूलतः घारापुरी बेटावर स्थित होते. इ. स. १८६४ मध्ये ते स्थलांतरित करण्याच्या प्रयत्नात भग्न झाले व त्यानंतर १९१४ मध्ये त्याची पुनर्जोडणी करण्यात आली.’

माहिती बरोबर आहे. पण मोठ्याने वाचा. ‘असून’ आणि ‘व’ यांनी वाक्य लांबत जातं आणि क्रियापद येईपर्यंत मूल सुरुवात विसरतं. ‘स्थित’, ‘भग्न’, ‘पुनर्जोडणी’ हे फलकावर शोभतात, कानात अडकतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे या दोन वाक्यांत डोळ्यांना काहीच काम नाही. हत्ती समोर नसता तरी ती अशीच्या अशी चालली असती.

म्हणून क्रम उलटा करायचा: आधी उभं कुठे राहायचं, मग बघायचं काय, मग शोध, आणि त्यानंतर गोष्ट. वर उरलेला सगळा मसाला धरून ऑडिओची स्क्रिप्ट अशी होते. कंसातल्या सूचना वाचणाऱ्यासाठी आणि एडिटिंग करणाऱ्यासाठी आहेत.

> हत्तीच्या अगदी समोर नको, बाजूला येऊन उभे राहा. पाय, पोट आणि सोंड, सगळं दिसायला हवं.
>
> (५ सेकंद थांबा)
>
> आता पायापासून वर, हळूहळू नजर न्या. दगडावर रेषा दिसतायत? त्यातली एक निवडा आणि ती कुठपर्यंत जाते ते शोधा. हात नाही लावायचा, नुसत्या नजरेने.
>
> (१० सेकंद थांबा)
>
> सापडली? तो जोड आहे. हा हत्ती तुटला होता.
>
> मूळचा हा घारापुरीचा. गेटवेवरून लाँचने जातो ना आपण, ते लेण्यांचं बेट. तिथे किनाऱ्याजवळ हा उभा होता, एकाच दगडात कोरलेला, अख्खा. पोर्तुगीज आले, त्यांनी याला बघितलं आणि बेटाचंच नाव पडलं एलिफंटा.
>
> दोनशे वर्षांपूर्वी याची मान आणि डोकं गळून पडलं. पुढे इंग्रजांनी याला बेटावरून हलवायला घेतलं. त्यांना हा इंग्लंडला न्यायचा होता, असं सांगतात. पण हलवताना हत्ती तुटला. इंग्लंड राहिलं बाजूला आणि तुकडे आले इथे, राणीच्या बागेत.
>
> ते वर्ष होतं अठराशे चौसष्ट. तुकडे जोडले गेले एकोणीसशे चौदा साली. मधे किती वर्षं गेली?
>
> (८ सेकंद थांबा)
>
> पन्नास! पन्नास वर्षांनी लोकांनी एकेक तुकडा ओळखला. हा पायाचा, हा पोटाचा. आणि हत्ती पुन्हा उभा केला.
>
> आता याच्याभोवती एक चक्कर मारा. सगळ्यात मोठा तुकडा कुठला वाटतो, ते मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा. दोघांचं उत्तर एकच येतं का, बघा.

शब्द साधारण दीडशे ते पावणेदोनशे, थांबे तेवीस सेकंदांचे. सावकाश वाचलं तर दोन मिनिटांत बसतं.

यातल्या काही निवडींबद्दल सांगते. ‘हात नाही लावायचा’ हे सुरुवातीलाच नियम म्हणून सांगितलं तर ते सहलीच्या इतर वीस नियमांत मिसळून जातं. मूल रेष शोधायला पुढे होतं नेमक्या त्याच क्षणी सांगितलं तर ऐकलं जातं, कारण त्याच वाक्यात त्याला दुसरं काम मिळालेलं असतं. १८१४ हे वर्ष मुद्दाम आकड्यात नाही. तीन सनावळ्या आल्या की वजाबाकी कुठल्या दोनची करायची तेच कळत नाही. हत्ती जोडणाऱ्यांची नावं उपलब्ध आहेत, पण ती इथे नकोत. त्या नावांना मुलाच्या मनात टांगायला खुंटी नाही. ‘तुम्ही’ का, ‘तू’ का नाही? इअरफोन लावून एकटं मूल ऐकत असेल तर ‘तू’ जवळचं वाटतं. पण आपल्याकडे बहुतेक वेळा बाईंचा एक मोबाईल आणि भोवती पस्तीस-चाळीस डोकी अशी स्थिती असते. तिथे ‘तू’ म्हटलं की मुलं बाजूच्याकडे बघून हसतात.

शेवट प्रश्नाने होतो आणि त्याचं एकच बरोबर उत्तर नाही. तसं असावं. ऑडिओ बंद झाल्यावर मुलांनी हत्तीजवळ आणखी मिनिटभर थांबावं, हेच तर हवं आहे.

कानासाठी लिहिताना

स्क्रिप्ट छापून घ्या आणि ती कधीही न वाचलेल्या माणसाच्या हातात द्या. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. दोनदा अडखळला तर शब्द बदला, त्याला दोष देऊ नका. वाचण्याच्या प्रतीत आकडे अक्षरांतच लिहायचे. १८६४ असं लिहिलं की एकजण ‘अठराशे चौसष्ट’ वाचतो, दुसरा ‘एक हजार आठशे चौसष्ट’, आणि रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं असेल तर एकाच ऑडिओत दोन्ही सापडतात.

मुंबईत आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-साताऱ्याकडच्या मित्रांना पटकन पटत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांना गोष्ट सगळी कळते, पण ‘चौसष्ट’ कळत नाही. वजाबाकीच्या जागी मराठी शाळेतली मुलं ओठ हलवत हिशेब करतात आणि ही मुलं एकमेकांकडे बघतात. उपाय सोपा आहे: ‘अठराशे चौसष्ट, म्हणजे एटीन सिक्स्टी-फोर.’ चार शब्द वाढले तरी वाढू द्या. भाषाशुद्धीची चर्चा आपण नंतर कधीतरी करू, त्या आठ सेकंदांत नको.

रेकॉर्डिंग

हत्तीसमोर उभं राहून निवेदन रेकॉर्ड करायचा मोह टाळा. तिथे कावळे, हॉर्न, माईकवरून चाललेल्या सूचना सगळं एकत्र येतं आणि ते नंतर वेगळं करता येत नाही. निवेदन घरी करा. चांगली जागा म्हणजे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. त्याच्याकडे तोंड करून बसा आणि पाठीमागे दारावर गोधडी किंवा रजई टांगा. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रीजही तेवढ्यापुरता बंद, फोन एअरप्लेन मोडवर. मुंबईतल्या चाळीत किंवा सोसायटीत शांतता म्हणजे दुपारची दोन ते चार. सकाळी शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी ‘तुटला होता’वर येते.

फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरासा बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो, आणि आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘पाय’, ‘पोट’, ‘पन्नास’ भरपूर आहेत. चूक झाली तर थांबू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणा. एडिटिंग करताना टाळीचा उंच ठोकळा लांबूनही दिसतो. शेवटी काही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधल्या फटीत ती भरली की जोड ऐकू येत नाही. तसा जोड हत्तीवर हवा, आवाजात नको.

थांब्यांमध्ये मात्र पूर्ण शांतता ठेवायची नाही. दहा सेकंद काहीच ऐकू आलं नाही की मुलं ओरडतात, ‘बाई, बंद पडलं!’ आणि बाई स्क्रीनवर बोट मारतात, त्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून बागेतला पक्ष्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून थांब्यांच्या जागी हलका सोडायचा आणि थांबा संपायच्या क्षणी एक छोटा टण् आवाज ठेवायचा. निवेदनाच्या खाली संगीत घालू नका. बाहेर, मोबाईलच्या स्पीकरवर, संगीत आणि शब्द एकमेकांत मिसळतात, आणि हरतात नेहमी शब्द.

तयार फाईल इअरफोनवर ऐकून खूश होण्याआधी रस्त्यावर जा. फोन पूर्ण आवाजात हातात धरून दुसऱ्या माणसाला तीन मीटरवर उभं करा. त्याला ‘जोड’ ऐकू आलं की ‘जोर’, एवढं विचारलं तरी पुरे.

व्हिडिओ वेगळा लिहायचा

ऑडिओवर चित्रं चिकटवली की व्हिडिओ होत नाही. वस्तूसमोर व्हिडिओ दाखवायला माझा तर विरोधच आहे. समोर खरा हत्ती असताना मुलं पाच इंचाच्या हत्तीकडे बघतात. व्हिडिओ वर्गासाठी, सहलीच्या आदल्या दिवशी किंवा नंतर. त्यामुळे त्याने तेच दाखवायचं जे बागेत दिसत नाही: बेट कुठे, बाग कुठे, आणि जोड अगदी जवळून.

लिहिताना पानाचे उभे दोन भाग करा, डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. दीड मिनिटाला दहा-बारा दृश्यं पुष्कळ झाली, प्रत्येक सहा ते आठ सेकंद स्थिर. सुरुवात अशी करता येईल:

> दृश्य: जोडाची एक रेष, इतकी जवळून की हे काय आहे ते कळू नये. तिरकं ऊन.
> आवाज: हे काय असेल? भिंतीची भेग? रस्ता?
>
> दृश्य: तीच रेष, थोडी लांबून. दगडाचा वळसा दिसतो.
> आवाज: (काही नाही, ४ सेकंद)
>
> दृश्य: अख्खा हत्ती, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. शेजारी पाठमोरं एक मूल.
> आवाज: हत्ती! आणि ती रेष त्याच्या अंगावरची.
>
> दृश्य: हाताने काढलेला साधा नकाशा. घारापुरी, पाणी, मुंबईचा किनारा, भायखळा. ठिपका सरकतो.
> आवाज: हा इथला नाही. समुद्र ओलांडून आलाय. आणि येताना अख्खा नव्हता.

‘एलिफंटा’, ‘१८६४’, ‘१९१४’ हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतात, त्यामुळे ‘चौसष्ट’ची अडचण इथे आपोआप सुटते. वजाबाकीसाठी दोन्ही वर्षं एकाखाली एक पाच सेकंद दाखवा, फळ्यावर मांडतात तशी.

झूम करू नका. जवळून हवं तर फोन घेऊन जवळ जा आणि नवीन दृश्य घ्या. मूल पाठमोरं दाखवायचं, कारण माप कळायला चेहरा लागत नाही, आणि चेहरा दाखवायचा तर पालकांची लेखी परवानगी लागते. चित्रीकरणासाठी संग्रहालयाला आधी लेखी विचारा आणि स्टँड लावणार असाल तर ते पत्रात स्पष्ट लिहा. जुनी छायाचित्रं इंटरनेटवरून उचलू नका. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून परवानगी घ्या किंवा स्वतः रेखाटन काढा. साधं रेखाटन मुलांना जास्त भावतं, असा माझा अनुभव आहे.

खालची अक्षरं प्रत्येक व्हिडिओला हवीतच, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी आणि पंख्याच्या घरघरीतल्या वर्गासाठीही. एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण पस्तीस अक्षरं, आणि ओळ तोडताना शब्दांची जोडी तोडू नका. ‘मान आणि / डोकं’ असं तुटलेलं वाचायला त्रास होतो. काही मोबाईल ॲप देवनागरी नीट जोडत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते किंवा ‘प्र’चं ‘प्‌र’ होतं. ॲपच्या आत बरोबर दिसलं तरी तयार फाईलमध्ये बिघडलेलं असू शकतं, म्हणून बाहेर काढलेली फाईल एकदा शेवटपर्यंत बघायची. आणि ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी आवाजातच एखादं वाक्य जास्त घालायचं: हत्ती किती उंच, कशा रंगाचा, कुठे तोंड करून उभा. हे मोजमाप स्वतः घ्या, पुस्तकातलं उतरवू नका.

मुलांसमोर तपासणी

पाच-सहा मुलं पुरतात, एकाच शाळेतली नसली तर उत्तम. ऑडिओ लावा आणि हत्तीकडे न बघता मुलांच्या डोळ्यांकडे बघा. ‘रेषा दिसतायत?’ म्हटल्यावर नजर दगडावर गेली का? थांबा संपायच्या आधीच फोनकडे परत आली, तर थांबा लांब झालाय, दोन सेकंद कापा. टण् वाजला तरी अजून शोधत असतील तर वाढवा. संपल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. विचारा, ‘उद्या वर्गात न आलेल्या मित्राला या हत्तीबद्दल काय सांगशील?’ ‘तो तुटला होता, मग जोडला’ हे आलं तर स्क्रिप्टचं काम झालं. ‘पोर्तुगीजांनी बनवला’ असं आलं, तर नावाचं वाक्य दोषी आहे. ‘पोर्तुगीज आले’च्या आधी ‘हा आधीपासूनच तिथे होता’ एवढं जोडा आणि दुसऱ्या मुलांना ऐकवून बघा.

शेवटी पोचवणं. क्यूआर कोडची पाटी मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर ठेवली तरी चालते, कारण फोन बाईंच्याच हातात असतो. पण तिथे उभ्या चाळीस मुलांना घेऊन नेटवर्क शोधायची वेळ येऊ नये म्हणून फाईल आदल्या दिवशी शिक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. ६४ केबीपीएसला मोनो एमपीथ्री केली तर दोन मिनिटांचा ऑडिओ जेमतेम एक एमबी होतो, आणि बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं. सोबत एक पानाचा कागद: उभं कुठे राहायचं, थांबे कुठे आहेत, लाव्हाची गोष्ट (हो, ती इथे), आणि बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात हे ठळक अक्षरांत.

सहलींचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी एकदा ऑडिओ लावून हत्तीसमोर उभे राहा. पावसाळ्यात काही डागडुजी झाली असेल, भोवती कुंपण आलं असेल, बाजूला येऊन उभं राहायची वाट बंद झाली असेल, तर पहिलं वाक्य बदलून पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल. म्हणूनच पहिलं वाक्य वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं.